‘जोड़ना है कि घटाना है?’

*मी इंदूरमधल्या एका हिंदी माध्यमाच्या शाळेत तिसरी-चौथीला गणित शिकवते. वर्गातली निम्मी मुलं मराठी घरांतली आहेत. उभी मांडणी करून दिली की बेरीज-वजाबाकी चटकन करतात, पण इबारती सवाल, म्हणजे शाब्दिक उदाहरण, आलं की सगळ्यांचा एकच प्रश्न असतो, ‘मैडम, जोड़ना है कि घटाना है?’ मी तक्ता लावला आहे: कुल, ज़्यादा आलं की बेरीज, शेष, कम आलं की वजाबाकी. शेजारी ‘समझो, सोचो, करो, जाँचो’ या चार पायऱ्याही लिहिल्या आहेत. तरी परवाच्या चाचणीत घात झाला. प्रश्न असा होता: ‘एका दुकानात सकाळी 48 कचोऱ्या विकल्या गेल्या. त्या संध्याकाळपेक्षा 15 ने जास्त होत्या. संध्याकाळी किती विकल्या गेल्या?’ 34 पैकी 27 मुलांनी 63 लिहिलं. पालक म्हणतात, आणखी सराव द्या. काय करू?*
*— एक शिक्षिका, इंदूर*

प्रिय ताई,

सगळ्यात आधी तो शब्दांचा तक्ता उतरवा. चार पायऱ्यांचा राहू दे, त्याच्याकडे मी नंतर येते.

त्या 27 मुलांनी तुमचं शिकवणं तंतोतंत पाळलं आहे. वाक्यात ‘ज़्यादा’ दिसलं, तक्त्यात त्याच्यापुढे बेरीज होती, त्यांनी बेरीज केली आणि ती बरोबर केली. 48 आणि 15 मिळून 63 होतातच. चूक हिशोबात नाही. ‘ज़्यादा’ कशाला म्हटलंय, हे त्यांनी पाहिलंच नाही, आणि तक्ता त्यांना ते न पाहताच पुढे जाऊ देतो.

तक्ता इतके दिवस चालला, कारण पुस्तकातली बहुतेक उदाहरणं त्याला साथ देणारी असतात. ‘सकाळी 48 विकल्या, संध्याकाळी सकाळपेक्षा 15 जास्त विकल्या’ असं असतं तेव्हा तक्त्याचं उत्तर बरोबर येतं. तुमच्या प्रश्नात ‘जास्त’ हा शब्द माहीत असलेल्या आकड्याला लागला आहे आणि विचारलं आहे दुसऱ्याबद्दल. अशा उलट्या वाक्यरचनेत मोठी माणसंही फसतात. लुईस आणि मेयर यांनी 1987 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अशीच तुलनेची उदाहरणं दिली होती. वाक्यातला शब्द आणि करायची क्रिया एकमेकांविरुद्ध गेली की तेही नको ती क्रिया करून बसत होते. मग तिसरीतल्या पोराचं काय!

तक्त्यातल्या बाकीच्या शब्दांचीही हीच गत आहे. ‘दोघांकडे एकूण 30 बोरं आहेत, एकाकडे 12 आहेत, तर दुसऱ्याकडे किती?’ इथे ‘एकूण’ आहे आणि करायची आहे वजाबाकी. ‘24 पेढे 6 मुलांना सारखे वाटले, तर प्रत्येकी किती?’ ‘प्रत्येकी’ दिसलं की गुणाकार, असं मुलं धरून चालतात, पण इथे भागाकार आहे.

1979 मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे लहान मुलांना एक प्रश्न विचारला होता: एका जहाजावर 26 मेंढ्या आणि 10 बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? 97 पैकी 76 मुलांनी त्या आकड्यांचं काही ना काही करून वय काढून दिलं. हे वाचलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं, म्हणून माझ्या चौथीच्या वर्गात मी विचारून पाहिलं. इंदूरहून उज्जैनला निघालेल्या बसमध्ये 32 प्रवासी आणि कांद्याची 14 पोती आहेत, तर ड्रायव्हरचं वय किती? निम्म्याहून जास्त पाट्यांवर 46 आलं. एका हुशार मुलीला मी विचारलं, ‘असं कसं गं?’ ती म्हणाली, ‘बाई, 32 मधून 14 वजा केले तर 18 येतात, एवढा लहान ड्रायव्हर नसतो.’ मला त्या दिवशी झोप लागली नाही. तिने विचार केला होता, पण गोष्टीचा नाही, आकड्यांचा. दोन आकडे दिलेत म्हणजे त्यांचं काहीतरी करायचं, हे आम्हीच तिला चार वर्षं शिकवलं होतं.

आता तुमच्या चार पायऱ्या. त्यांचं मूळ जॉर्ज पोल्या या हंगेरीत जन्मलेल्या गणितज्ञाकडे जातं. त्यांनी 1945 मध्ये प्रश्न सोडवण्याचे चार टप्पे मांडले: प्रश्न समजून घेणं, बेत आखणं, बेत पार पाडणं आणि मागे वळून पाहणं. टप्पे बरोबरच आहेत. पण आठ वर्षांच्या मुलाला ‘समझो’ म्हटलं, तर त्याने नेमकं काय करायचं? ते डोळे मोठे करून पुन्हा तेच वाक्य वाचतं आणि ‘समझ गया’ म्हणतं. पायरी म्हणजे हाताने किंवा तोंडाने करता येईल अशी कृती हवी. मी काय करत असे, ते तुमच्याच कचोऱ्यांवर सांगते.

फळ्यावर उदाहरण लिहिताना आकडे लिहूच नका. आकड्यांच्या जागी ‘काही’ लिहा आणि शेवटचा प्रश्नही लिहू नका. म्हणजे फळ्यावर एवढंच राहील: ‘सकाळी काही कचोऱ्या विकल्या गेल्या. त्या संध्याकाळपेक्षा काही जास्त होत्या.’ आता मिळवायला काही उरलंच नाही, म्हणून मूल नाइलाजाने गोष्ट वाचतं. एकाला पाठमोरं उभं करून ती स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. मग विचारा, ‘दुकानदाराची गर्दी कधी जास्त झाली, सकाळी की संध्याकाळी?’ या उदाहरणाची सगळी मेख या एका प्रश्नात आहे. वर्ग दोन भागांत वाटला जाईल. लगेच निकाल देऊ नका. ‘कोणत्या शब्दावरून म्हणतोस?’ असं विचारा. कोणीतरी ‘त्या’ या शब्दावर बोट ठेवेल. त्या म्हणजे सकाळच्या. म्हणजे सकाळच्या जास्त.

इथे तुमच्या वर्गाची एक अडचण मला इंदुरात राहून चांगली ठाऊक आहे. हिंदीत हेच वाक्य ‘ये शाम से 15 ज़्यादा थीं’ असं येतं. तो ‘से’ फार फसवा आहे. ‘शाम से’ म्हणजे संध्याकाळपासून, असंही मुलांच्या कानाला वाटतं. मराठी घरातल्या मुलाला ‘संध्याकाळपेक्षा’ म्हटलं की तुलना आहे हे चटकन कळतं. म्हणून गोष्ट परत सांगताना मुलाला घरच्या भाषेत सांगू द्या, मराठीत सांगो, माळवीत सांगो. वहीत हिंदी लिहायला नंतर वेळ आहे. आकडे झाकण्याचा इथे आणखी एक फायदा होतो. घरी अठ्ठेचाळीस आणि शाळेत अड़तालीस ऐकणाऱ्या मुलाचं अर्धं लक्ष आकड्याच्या नावातच अडकतं. आकडे नसले की तेवढं लक्ष मोकळं होतं.

गोष्ट ठरली की पट्ट्या काढायच्या. डावीकडे एकाखाली एक ‘सकाळ’ आणि ‘संध्याकाळ’ लिहायचं आणि दोघांपुढे आडव्या पट्ट्या, डावी कड एका रेषेत धरून. सिंगापूरच्या शाळांत 1980 च्या दशकापासून ही पट्ट्यांची रीत चालते. मुलांना आधी फक्त विचारा, ‘कोणाची पट्टी लांब?’ ते गोष्टीवरून आत्ताच ठरलं आहे, म्हणून सकाळची लांब निघते. संध्याकाळची पट्टी जिथे संपते, तिथून सकाळच्या पट्टीत एक उभी रेघ मारा. त्या रेघेपलीकडचा तुकडा म्हणजे ‘जास्त’. आता आकडे उघडा. 48 कुठे? सकाळच्या पूर्ण पट्टीवर. 15 कुठे? त्या पलीकडच्या तुकड्यावर. प्रश्नचिन्ह संध्याकाळच्या पट्टीवर. इथवर आलं की ‘जोड़ना है कि घटाना है’ हे मूल विचारत नाही. लांब पट्टीतून तुकडा काढला की आखूड पट्टी उरते, हे त्याला दिसतं.

गणित करण्याआधी उत्तराचं वाक्य लिहायला लावा, आकड्याची जागा रिकामी सोडून: ‘संध्याकाळी ___ कचोऱ्या विकल्या गेल्या.’ मुलं हे नेहमी शेवटी आणि कंटाळून लिहितात. आधी लिहिलं की आपण काय शोधतोय, हे हातातून सुटत नाही. मग 48 − 15 = 33.

पडताळा म्हणजे वजाबाकी पुन्हा करणं नव्हे. उत्तर गोष्टीत ठेवून गोष्ट वाचायची. ‘सकाळी 48, संध्याकाळी 33. सकाळच्या संध्याकाळपेक्षा 15 जास्त आहेत का?’ आहेत. आता त्या 27 मुलांकडून 63 ठेवून वाचून घ्या. ‘सकाळी 48, संध्याकाळी 63.’ मग सकाळच्या जास्त कशा? हे त्यांना स्वतःच्या तोंडून ऐकू येऊ दे. तुमची लाल शाई जे करणार नाही, ते हे वाक्य करतं.

तर पायऱ्या अशा झाल्या: आकड्यांशिवाय गोष्ट, पट्ट्या, रिकाम्या जागेचं वाक्य, हिशोब, गोष्टीत परत ठेवणं. पण या फळ्यावर एकदा दाखवल्या आणि ‘आता दहा उदाहरणं सोडवा’ म्हटलं, तर आठवड्याभरात पुन्हा जिथल्या तिथे याल. पालक म्हणतात तो सराव हाच, आणि माझं त्यांच्याशी जमत नाही ते इथेच. नवं काही शिकताना मुलाचं सगळं बळ उत्तर कसंतरी काढण्यात जातं आणि रीत काय होती, हे मनात ठसायला जागा उरत नाही. जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी 1985 मध्ये बीजगणित शिकणाऱ्यांवर हे तपासलं होतं. ज्यांनी एक सोडवलेलं उदाहरण अभ्यासायचं आणि मग तसंच एक स्वतः करायचं, अशी जोडी घेतली, त्यांनी नंतरची तशीच उदाहरणं नुसती सोडवत बसलेल्यांपेक्षा लवकर आणि कमी चुका करून सोडवली. म्हणून तुमच्या मुलांना सुरुवातीला सोडवायची उदाहरणं कमी आणि सोडवलेली जास्त द्या.

ते कसं द्यायचं, ते महत्त्वाचं आहे. फळ्याचे खडूने दोन भाग करा. डाव्या भागात तुम्ही कचोऱ्यांचं उदाहरण सोडवायचं, आणि ते एक अक्षर न बोलता. वह्या बंद, पेन्सिली खाली. हे कटाक्षाने पाळा. तुम्ही लिहीत असताना मुलं उतरवू लागली की त्यांचे डोळे तुमच्या अक्षरावर असतात, विचारावर नाही. गप्प राहिल्यावर वर्ग इतका शांत होतो की नवल वाटतं. एकेक पट्टी काढताना थोडं थांबा. पूर्ण झालं की बोलायला लागा, पण सांगायला नाही, विचारायला. ‘मी संध्याकाळची पट्टी आखूड का काढली? 15 इथेच का लिहिले, पूर्ण पट्टीवर का नाही? मी बेरीज केली असती तर गोष्टीत काय बिघडलं असतं?’ मुलांनी शेजाऱ्याला समजावायचं, मग दोघा-तिघांनी वर्गाला. तुम्ही केलेल्या प्रत्येक ओळीचं कारण त्यांच्या तोंडून आलं पाहिजे.

मग उजव्या भागात त्याच्या अगदी जोडीचं उदाहरण लिहा: ‘ईशाकडे 52 टिकल्या आहेत. त्या मनूच्या टिकल्यांपेक्षा 18 ने जास्त आहेत. मनूकडे किती?’ डावीकडचं पुसू नका. मुलांनी तिकडे बघत बघत सोडवायचं. बघून करणं ही लबाडी नाही, असं त्यांना मोठ्याने सांगा, कारण बघून करू नये हे त्यांच्या अंगात भिनलेलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून सोडवलेल्या उदाहरणातला थोडा थोडा भाग काढून घ्यायचा, आणि तो शेवटाकडून. पहिल्यांदा पट्ट्या, आकडे, वाक्य, हिशोब सगळं तुमचं. फक्त गोष्टीत परत ठेवून बघणं त्यांचं. पुढच्या उदाहरणात हिशोबही त्यांचा. त्याच्या पुढच्यात पट्ट्या कोऱ्या काढून द्या, आकडे त्यांनी भरायचे. सगळ्यात शेवटी पट्ट्याही त्यांच्या. अवघड भाग शेवटी हाती येतो, तोवर पुढचा सगळा रस्ता पायाखालचा झालेला असतो. माझ्या वर्गांना एका प्रकारासाठी याला साधारण आठ-दहा तास लागत, रोज दोन किंवा तीनच उदाहरणं. घाई केली की मुलं पट्ट्या नावापुरत्या काढायला लागतात.

मधेच एक दिवस चुकीचं सोडवलेलं उदाहरण द्या, 63 वालंच. ‘एका मुलाने असं केलंय, त्याची पट्टी कुठे चुकली?’ वर्गातल्या कोणाचं नाव घेऊ नका. दुसऱ्याची चूक शोधताना मुलं फार बारकाईने वाचतात.

पट्ट्या नावापुरत्या होऊ लागल्या हे कळायची एक खूण आहे. मूल आधी कोपऱ्यात 48 + 15 करतं आणि मग 63 ची लांब पट्टी काढून मोकळं होतं. चित्र नीटनेटकं असतं, पण उत्तरावरून काढलेलं असतं. म्हणून वही तपासताना उत्तर शेवटी पाहा. आधी पट्ट्यांची लांबी गोष्टीशी जुळते का ते पाहा, आणि शक्य तेव्हा मूल काढत असतानाच त्याच्या मागे उभ्या राहा. पट्टी काढताना हात अडखळला, तर ते विचार करतंय. एकदम सरसर काढलं, तर विचारा, ‘कोणाची जास्त, आणि कशावरून?’

वर्गात चार-पाच मुलं अशी असतील, ज्यांना पहिल्याच दिवशी सगळं कळलं. त्यांना रोज सोडवलेली उदाहरणं समजावत बसू नका. ज्याला रीत येते त्याला तीच पुन्हा उलगडून दाखवली की मदत होत नाही, उलट त्याची गती अडते. त्यांना पट्ट्यांची जोडी द्या आणि म्हणा, ‘यावरून गोष्ट तयार करा, त्यात जास्त हा शब्द आला पाहिजे पण करायची वजाबाकी हवी.’ हे सोपं नाही. आणि त्यांनी केलेल्या गोष्टी दुसऱ्या दिवशी वर्गाला घालायला उपयोगी पडतात.

दहा दिवसांनी हा प्रकार जमला, असं वाटलं तरी विश्वास ठेवू नका. सलग एकाच प्रकारची उदाहरणं केल्यावर मूल न वाचताही वजाबाकी करतं, कारण कालही वजाबाकीच होती. म्हणजे शब्दांच्या तक्त्याच्या जागी दिवसांचा तक्ता आला, एवढंच. म्हणून चार उदाहरणांची एक चाचणी घ्या, चारही कचोऱ्यांची, चारहीत आकडे 48 आणि 15 च. एकात सकाळच्या संध्याकाळपेक्षा जास्त आहेत. दुसऱ्यात संध्याकाळच्या सकाळपेक्षा जास्त आहेत, तिथे 63 बरोबर आहे. तिसऱ्यात सकाळच्या संध्याकाळपेक्षा कमी आहेत, तिथेही 63. चौथ्यात सकाळी 48 आणि संध्याकाळी 15, फरक विचारलाय. आकडे तेच असल्यामुळे गोष्ट वाचण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पहिलं आणि तिसरं दोन्ही बरोबर आलं, तर त्या मुलाला ‘जास्त-कमी’ खरंच कळलं. पहिल्यातही 33 आणि तिसऱ्यातही 33 आलं, तर ते अजून कालच्या वजाबाकीवर चाललंय. त्याला कोऱ्या पट्ट्यांच्या टप्प्यावर परत न्या.

हे बसल्याशिवाय दोन पायऱ्यांच्या उदाहरणाकडे वळू नका. ‘...तर दिवसभरात एकूण किती विकल्या?’ असं विचारलं की बरीच मुलं 48 आणि 15 मिळवून 63 लिहितात, आणि यावेळी त्यांना ‘जास्त’ही दिसलेलं असतं आणि ‘एकूण’ही, म्हणून ती अगदी निश्चिंत असतात. इथे रिकाम्या जागेची वाक्यं दोन लिहून घ्या, ‘संध्याकाळी ___’ आणि ‘दिवसभरात ___’. दिवसभराची पट्टी म्हणजे वरच्या दोन्ही पट्ट्या. त्यातली एक अजून कोरी आहे, हे चित्रात दिसल्यावर मूल आपणहून आधी 33 काढतं आणि मग 48 + 33 = 81.

पालकांचं राहिलं. वहीत दिवसाला दोनच उदाहरणं दिसली की ते विचारणारच. त्यांना पालकसभेत तीच कचोऱ्यांची गोष्ट सोडवायला द्या, तोंडी, झटपट. काही जण 63 म्हणतील. मग पट्ट्या काढून दाखवा. घरी त्यांच्याकडून एवढंच मागा की रोजचं उदाहरण मुलाला आकडे झाकून, घरच्या भाषेत, गोष्टीसारखं सांगायला लावावं, आणि ते सांगत असताना बेरीज की वजाबाकी हे मधे बोलू नये. हे शेवटचं पाळणं आजोबांना सगळ्यात जड जातं, तेव्हा त्यांना आवर्जून बोलवा.

चार उदाहरणांची चाचणी झाली की पहिलं आणि तिसरं किती जणांचं आलं, ते कळवा. तिसऱ्यात जास्त मुलं अडकली असतील, तर ‘कम’ची उलटी वाक्यं वेगळी घ्यावी लागतील. ती कशी घ्यायची, ते पुढच्या पत्रात लिहीन.

तुमची,
सदरातली ताई